रॉकवाल्यांचं ते तिरप्या चेनचं काळं जॅकेट नेमकं आलं कुठून?

अर्धा_स्वर

गेल्या एप्रिलात नागपुरात भाच्याच्या कॉलेजच्या बँडचा कार्यक्रम होता. बाहेर त्रेचाळीस डिग्री, हॉलमधला कूलर नुसता आवाज करतोय, आणि स्टेजवर चार पोरं काळी लेदरची जॅकेटं घालून उभी. म्हणजे लेदरची म्हणायची, ऑनलाइन घेतलेली रेक्झिनटाइप. ड्रमरनं दुसऱ्याच गाण्यानंतर काढून फेकलं, बेसवाला मात्र शेवटपर्यंत घालून होता, नंतर मागे जाऊन तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं त्यानं.

घरी येताना भाच्याला विचारलं की बाबा हे कशाला, तर म्हणे मामा रॉक म्हणजे हेच असतं ना. आता हे "हेच असतं" कुणी ठरवलं? सगळ्यांचं एकच डिझाइन, चेन सरळ मधे नाही तर तिरपी एका बाजूला, मोठी कॉलर, खाली पट्टा. आणि दुसरं, अल्बमच्या कव्हरवर हे लोक विटांच्या भिंतीला टेकून रुसल्यासारखे का उभे असतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा, मला गाणी माहिती आहेत पण कपड्यांचं काही माहिती नाही.

सुतळीबॉम्ब

सोप्पंय भावा. मार्लन ब्रँडोचा तो मोटरसायकलवाला पिक्चर, १९५३ चा, द वाइल्ड वन. त्यात त्यानं घातलं. ते बघून एल्विसनं घातलं, एल्विसला बघून बीटल्सनी, मग सगळ्या जगानं. बीटल्सनी नंतर सोडलं कारण सूट परवडायला लागले 😄

जुना_कॅसेटवाला

सुतळी, अर्धं बरोबर आहे तुझं, क्रम मात्र उलटापालटा झालाय.

ब्रँडोपर्यंत ठीक. पण पन्नासच्या दशकातला एल्विस, म्हणजे ज्याच्यामुळे गोंधळ माजला तो, स्टेजवर लेदर घालत नव्हता. ढगळ कोट, सैल पॅंटी, गुलाबी-काळं असलं काहीतरी असायचं. त्याचा तो प्रसिद्ध काळा लेदरचा सूट थेट १९६८ चा, टीव्हीच्या कार्यक्रमासाठी बिल बेल्यू नावाच्या डिझायनरनं शिवलेला. तोवर बीटल्सनी लेदर घालून, सोडून, सूट घालून, तेही सोडून मिशा वाढवल्या होत्या. म्हणजे एल्विसनं त्या सूटमध्ये घातलं ते स्वतःचं जुनं रूप नव्हतंच, लोकांना "जुना एल्विस असा असणार" असं जे वाटत होतं ते होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

स्टेजवर डोक्यापासून पायापर्यंत काळं लेदर हा प्रकार रुजवला तो जीन व्हिन्सेंटनं, तोही अमेरिकेत नाही, इंग्लंडात. १९५९ च्या शेवटी तो तिकडे गेला. तिथला टीव्ही निर्माता जॅक गुड रंगभूमीवरचा माणूस. त्याला वाटलं होतं कुणी खुनशी दिसणारा येईल, आला तो साधा सभ्य दक्षिणी पोरगा. मग गुडनं त्याला काळ्या लेदरमध्ये घातलं, गळ्यात लॉकेट दिलं. व्हिन्सेंटचा पाय मोटरसायकलच्या अपघातात कायमचा अधू झालेला, तर गुड विंगेतून त्याला सांगायचा की लंगड, अजून लंगड. डोक्यात शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड होता त्याच्या. म्हणजे ज्याला आपण रस्त्यावरचा अस्सल पोशाख समजतो तो रॉकमध्ये आला तोच एका नाटकवाल्याच्या हातून.

आणि ब्रँडोचा पिक्चर इंग्लंडच्या सेन्सॉरनं १९६७ पर्यंत अडवून ठेवलेला. त्यामुळे तिकडच्या पोरांनी जॅकेट बघितलं ते फोटोत आणि व्हिन्सेंटच्या अंगावर.

बीटल्सचं सांगतो थोडं थांबा, जेवायला बोलावतायत.

सुतळीबॉम्ब

च्यायला. एल्विसचं खरंच माहिती नव्हतं. बाकी काका तुमची पोस्ट म्हणजे पाटावर बसवून वाढल्यासारखी असते.

पट्टीचा_शिलाईवाला

तिरप्या चेनचं मी सांगतो, आमचा धंदाच आहे. धारावीत बावीस वर्षं लेदरची कामं केली, आता बदलापूरला छोटं युनिट आहे.

त्या जॅकेटचं नाव परफेक्टो. न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीनं १९२८ ला काढलं, मालकाला आवडणाऱ्या सिगारचं नाव दिलं. साडेपाच डॉलरला विकायचे तेव्हा, मोटरसायकलच्या दुकानातून. चेन तिरपी आहे ती स्टाइल म्हणून नाही. गाडीवर माणूस पुढे वाकून बसतो. सरळ चेन असली की ती पोटापाशी दुमडते, टोचते, वर हनुवटीला लागते. तिरपी घेतली की दुमड बाजूला जाते आणि छातीवर पुढच्या बाजूला लेदरचे दोन थर एकमेकांवर येतात, वारा आत घुसत नाही. ती मोठी कॉलर आहे ना, तिच्या टोकांना टिचबटणं असतात, ती खाली लावून टाकायची नाहीतर वाऱ्यात फडफड करून तोंडावर मारते. मनगटाला चेन त्याचसाठी, बाहीतून वारा वर जाऊ नये म्हणून. खिसे तिरपे कारण बसल्यावर हात तसाच जातो. पट्टा कमरेला, जॅकेट वर सरकून पाठ उघडी पडू नये म्हणून. सगळं कामाचं आहे त्यात, नुसती शोभा म्हणून काही नाही.

आता हे स्टेजवर उभ्या माणसाला काय कामाचं? काही नाही. उलट गिटार मारताना तो पट्ट्याचा बकल गिटारच्या पाठीवर ओरखडे काढतो. आमच्याकडे एक गिटारवाला मुलगा आला होता, पट्टाच काढून द्या म्हणाला. मी म्हटलं पट्टा काढला तर मग उरलं काय बाळा.

जुनी जॅकेटं घोड्याच्या चामड्याची असायची, फार कडक. पहिलं वर्षभर घालणाऱ्यालाच त्रास. आता बहुतेक गाईबैलाचं नाहीतर मेंढीचं. मोटरसायकलला घालायचं असेल तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडी पाहिजे, फॅशनवाल्यांचं त्याहून बरंच पातळ असतं, मऊ लागतं म्हणून लोकांना आवडतं. शिवताना एक लक्षात ठेवायचं की कापडासारख्या टाचण्या मारता येत नाहीत. सुई जिथून गेली ते भोक कायमचं. उसवून परत शिवलं की दिसतंच. म्हणून चेन बसवताना आधी चिकटवून, हातोडीनं ठोकून, मगच मशीनखाली घालतात. चुकीला माफी नाही.

शमा_वाशी

धागा छान आहे. माझ्याकडे मिस्टरांचं काळं लेदर जॅकेट आहे, दर पावसाळ्यात पांढरी बुरशी येते, कपाटात डांबरगोळ्या ठेवून पण. उन्हात वाळवलं तर चालेल का? आणि कॉलरपाशी पापुद्रे निघतायत, त्यावर काळं बूट पॉलिश मारू का?

पट्टीचा_शिलाईवाला

ताई धाग्याचा विषय वेगळा आहे पण सांगतो. उन्हात अजिबात नको, कडक होऊन तडा जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवत असाल तर ती आधी काढा, बुरशी तिथेच धरते. सुती कपड्यानं घराबाहेर पुसून घ्या, सावलीत पंख्याखाली दोन दिवस रुंद हॅंगरवर लटकवा, मग लेदरचं क्रीम हलक्या हातानं. महिन्यातून एकदा कपाटातून बाहेर काढत जा.

पण पापुद्रे निघतायत म्हणजे ते लेदर नाही हो. कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेला असतो तो आपल्याकडच्या दमट हवेत चार-पाच वर्षांत सुटतो, न घालता नुसतं ठेवलं तरी सुटतो. खालून विणलेलं कापड दिसतंय का बघा. दिसत असेल तर पॉलिश मारून काही उपयोग नाही, हाताला आणि शर्टाला लागेल फक्त.

शमा_वाशी

कापडच दिसतंय 😑 आणि हे म्हणतात दिल्लीहून इटालियन लेदर आणलं होतं. धन्यवाद दादा.

जुना_कॅसेटवाला

हां, बीटल्स.

१९६० मध्ये ते हॅम्बुर्गला गेले, तिथल्या बारमध्ये रात्र रात्र वाजवायला. तिथंच लेदर अंगावर आलं, आधी जॅकेट, मग पॅंटसुद्धा. त्यांच्याभोवती तिथले दोन-तीन कलाशाळेतले जर्मन तरुण जमले, अ‍ॅस्ट्रिड किर्शहेर आणि युर्गेन फोल्मर हे त्यातले फोटो काढणारे. मग १९६१ च्या नोव्हेंबरात ब्रायन एपस्टाइननं त्यांना लिव्हरपूलला तळघरातल्या क्लबात पाहिलं, तेव्हाही ते लेदरमध्येच होते. पुढच्या वर्षी त्यानं त्यांना शिंप्याकडे नेऊन सूट शिवले. म्हणजे सुतळी, सूट "परवडायला लागले" म्हणून नव्हते, मॅनेजरनं घातले, कारण लेदरवाल्या पोरांना टीव्ही आणि मोठे हॉल उभं करत नव्हते.

पण गोष्ट इथं संपत नाही. फोल्मरनं १९६१ मध्ये हॅम्बुर्गच्या एका दारात लेनन उभा असलेला फोटो काढलेला. लेदर जॅकेट, हात खिशात, चौकटीला खांदा टेकलेला. समोरून तीन माणसं चालत जातायत, पण शटर इतका वेळ उघडं ठेवलं की लेनन स्पष्ट आणि ती तिघं नुसत्या पुसट सावल्या. त्या सावल्या म्हणजे पॉल, जॉर्ज आणि त्यांचा तेव्हाचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ. चौदा वर्षं तो फोटो पडून होता. १९७५ मध्ये लेननला जुन्या रॉक अँड रोल गाण्यांचा अल्बम काढायचा होता, तेव्हा त्यानं तो कव्हरला घेतला.

आता जॅकेट, दार, वीटकाम, टेकून उभं राहणं, तोंडावर हसू नाही, हे सगळं त्या कव्हरवर आहे. आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधून असंच दुसरं कव्हर आलं. त्यांनी ते बघून केलं असं मी म्हणत नाही. पण त्या बँडचं नावसुद्धा पॉलच्या जुन्या टोपणनावावरून घेतलेलं, पॉल रमोन. म्हणजे बीटल्स त्यांच्या डोक्यात होतेच.

अर्धा_स्वर, तुझ्या भाच्यानं जे घातलं ना, ते ब्रँडोचंही नाही आणि बीटल्सचंही नाही, ते रमोन्सचं आहे.

अर्धा_स्वर

काका लिहा लिहा. रमोन्सचे टीशर्ट एफसी रोडवर बघितलेत, गाणी दोन-तीनच ऐकलीयत.

जुना_कॅसेटवाला

बरोबर, जगभर हेच झालंय. टीशर्ट माहिती, गाणी नाही.

रमोन्स सुरुवातीला असे दिसत नव्हते. १९७४ मध्ये बँड सुरू झाला तेव्हा जॉनीकडे चंदेरी चमकत्या कापडाची पॅंट होती, जोई त्याआधी एका चमकधमकवाल्या बँडात गात होता. तेव्हा न्यूयॉर्कात तीच फॅशन. हळूहळू त्यांनी ते सगळं काढून टाकलं. जॉनीचा हिशोब सरळ होता, की समोर उभ्या पोराला घरी जाऊन उद्याच तसं दिसता आलं पाहिजे. चंदेरी पॅंट शिवून घ्यावी लागते, फाटकी जीन्स आणि साधे बूट घरातच असतात. जॅकेट तेवढं विकत घ्यायचं. त्याच्याकडे स्वतःचं परफेक्टो आधीपासून होतंच. मग चौघांनी तेच, दरवेळी तेच, आणि आडनावही चौघांचं तेच, रमोन.

आता कव्हर. रेकॉर्ड कंपनीनं आधी एका व्यावसायिक फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतले, दोन हजार डॉलर खर्च केले. कुणालाच आवडले नाहीत. पूर्ण अल्बमच्या रेकॉर्डिंगला साधारण चौसष्टशे डॉलर लागलेले, त्यात हे दोन हजार पाण्यात. मग शोधाशोध. रोबर्टा बेली नावाची बाई, सीबीजीबी क्लबच्या दारावर तिकिटाचे पैसे घ्यायची आणि फोटो काढायची. तिनं एका पंक मासिकासाठी या चौघांचे कृष्णधवल फोटो काढले होते, क्लबच्या जवळच्या एका मोकळ्या बागेत विटांच्या भिंतीसमोर. त्यातला एक कंपनीनं घेतला. तिला मिळाले एकशे पंचवीस डॉलर.

तो फोटो नेटवर काढून समोर ठेवा आणि बघा. जोई सहा फूट सहा इंच, टॉमी बुटका. शेजारी शेजारी उभे केले तर नजर फक्त उंचीवर जाईल. म्हणून जोई गुडघ्यात, खांद्यात वाकलाय आणि टॉमी चवड्यांवर उंच झालाय. चौघांची डोकी साधारण एका रेषेत आलीत. जीन्स गुडघ्यावर फाटलेली. मागं भिंत सपाट, तिला खोली नाही, त्यामुळे माणसं पुढं चिकटवल्यासारखी दिसतात. वर नाव, पांढऱ्या मोठ्या अक्षरांत, बाकी कव्हरवर शब्द नाही. लांबून दुकानात टांगलेलं असलं तरी चार काळ्या आकृती आणि एक शब्द एवढं वाचता येतं. कव्हर बारा इंची होतं तेव्हा, म्हणजे साधारण एक फूट बाय एक फूट. त्या मापाला हा फोटो भिंतीवरच्या छोट्या पोस्टरसारखा लागू पडतो.

मी ते पहिल्यांदा बघितलं ते कॅसेटवर, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. तरी कळलं. हीच त्याची कसोटी. पिंक फ्लॉइडची बारीक कामाची कव्हरं कॅसेटवर मेली, हे नाही मेलं.

आणि खप? अमेरिकेच्या यादीत १११ च्या वर गेला नाही तो अल्बम. १९७६ ला निघालेला, तिकडं पाच लाखांचा सोनेरी शिक्का मिळाला २०१४ मध्ये. तोवर चौघांपैकी तिघं गेले होते, टॉमीही त्याच वर्षी गेला.

सुतळीबॉम्ब

भिंत ठरवून घेतली होती का मग नुसती होती म्हणून?

जुना_कॅसेटवाला

पहिल्यांदा होती म्हणून. पण तिसऱ्या अल्बमला, १९७७ ला, परत भिंतीसमोरच उभे राहिले, या वेळी क्लबच्या मागच्या गल्लीत. फोटो त्यांच्या मॅनेजरनंच काढला. तेव्हा मात्र ठरवून. योगायोग एकदा झाला, नंतर ती गणवेशासारखी भिंत झाली.

टीशर्टवरचं ते गरुडाचं चिन्ह आर्तुरो वेगानं केलं. क्लबजवळ राहायचा, जोई आणि डी डी त्याच्याकडेच पडीक असायचे. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांचं चिन्ह बघून त्यानं तेच उचललं. गरुडाच्या एका पायात ऑलिव्हऐवजी सफरचंदाची फांदी, दुसऱ्यात बाणांच्या जागी बेसबॉलची बॅट, कारण जॉनीला बेसबॉलचं वेड. गोलाकार चौघांची नावं. पहिल्या अल्बमच्या मागच्या बाजूला गरुडाच्या बकलचा फोटो आहे तो पण वेगाचाच. तो शर्ट छापून कार्यक्रमात स्वतः विकायचा. सदस्य बदलले की गोलातलं नाव बदलायचं, चिन्ह तेच.

मधुरा_नेपथ्य

मी थोडं वेगळं बोलते. इथं सगळे जॅकेटच्या प्रेमात आहेत, पण मी नाटकांची वेशभूषा करते आणि मला वाटतं की रॉकच्या कपड्यांमधलं खरं काम दुसऱ्या बाजूला झालंय. जॅकेट म्हणजे काय, विकत घेतलं आणि घातलं.

बोवीचं १९७३ बघा. जपानचा कान्साई यामामोतो, त्यानं बोवीच्या दौऱ्यासाठी कपडे केले. एक काळा चकचकीत व्हायनिलचा पोशाख आहे, पाय दोन्ही बाजूला धनुष्यासारखे फुगलेले, त्यावर गोल वळत जाणारे पांढरे पट्टे. समोरून माणसाची आकृतीच बदलते. बोवी मुळात काडीसारखा, त्या पोशाखात तो रुंद, जमिनीला चिकटलेला कीटक वाटतो. दुसरा एक पांढरा झगा आहे, त्यावर मोठी जपानी अक्षरं. ती अक्षरं अशी निवडलीत की उच्चार "डेव्हिड बोवी" च्या जवळ जातो आणि अर्थ घेतला तर आग ओकत शब्द फेकणारा असा काहीतरी होतो.

आणि ते काढायची पद्धत! काबुकीत हिकिनुकी म्हणतात. वरचा पोशाख खालच्यावर कच्च्या टाक्यांनी धरलेला असतो, मागे काळ्या कपड्यांतला मदतनीस बसलेला असतो, तो नेमक्या क्षणी दोरे ओढतो आणि अख्खा थर निघून खाली नवा रंग. बोवीच्या स्टेजवर दोन माणसं दोन्ही बाजूंनी झगा ओढून काढायची. आम्ही एका नाटकात सून ते देवी असा बदल आठ सेकंदांत करायचा होता तेव्हा हेच केलं, फक्त टाक्यांऐवजी वेल्क्रो लावला आणि तिसऱ्या प्रयोगाला त्याचा चर्रर्र आवाज अख्ख्या नाट्यगृहाला ऐकू गेला. दिग्दर्शकांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून टाकेच. दर प्रयोगाआधी परत घालायचे, वीस मिनिटं जातात, पण आवाज नाही.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं जॅकेट खरं आणि बोवीचं नाटकी, तेव्हा मला राग येतो. वर काकांनीच सांगितलं की जॅकेटसुद्धा नाटकवाल्यानंच आणलं.

जुना_कॅसेटवाला

मधुराताई, मी कुठं खरं-खोटं म्हणालो. पण तुम्ही बोवी काढलात तर एक गंमत सांगतो. बोवीच्या चेहऱ्यावरची ती लाल-निळी वीज, जी आज प्रत्येक जण त्याचा मेकअप म्हणून करतो, ती त्यानं स्टेजवर कधी लावलीच नाही. ती फक्त अलादीन सेन या त्याच्या अल्बमच्या कव्हरपुरती होती, जानेवारी १९७३ मध्ये लंडनला ब्रायन डफीच्या स्टुडिओत एका फोटोसाठी काढलेली. असं सांगतात की विजेचा आकार स्टुडिओत पडलेल्या भात शिजवायच्या कुकरवरच्या चिन्हावरून घेतला. पिएर लारोशनं रंग भरला. गळ्याच्या हाडावर जो पाण्याचा थेंब आहे तो नंतर एअरब्रशनं रंगवलेला.

आणि ते कव्हर मुद्दाम महाग केलं. बोवीच्या मॅनेजरचं गणित असं होतं की कंपनीचा पैसा जितका जास्त अडकेल तितकी ती अल्बम विकायला धडपडेल. म्हणून नेहमीच्या चार रंगांऐवजी सात रंगांत छापलं. इकडं एकशे पंचवीस डॉलरचं कव्हर, तिकडं हे. दोन्ही आज टीशर्टवर शेजारी शेजारी लटकतायत.

मधुरा_नेपथ्य

स्टेजवर कधीच नाही?? मी गेल्या वर्षी एका स्नेहसंमेलनात मुलांना "बोवीचा स्टेज मेकअप" म्हणून तीच वीज काढून दिली 🙈

देवघर_ते_डिस्टॉर्शन

कव्हरचा विषय निघालाच आहे तर माझं पण. मी शाळेत असताना मावसभावानं जिमी हेंड्रिक्सची सीडी दाखवली, ॲक्सिस बोल्ड ॲज लव्ह. मी म्हटलं हे तर आमच्या किराणावाल्याच्या कॅलेंडरवरचं विश्वरूप आहे! खरंच तसंच. मधे विराटरूप विष्णू, अनेक तोंडं, हात, शेषनागाचे फणे, भोवती देव आणि ऋषी, फक्त मधल्या चेहऱ्यांच्या जागी हेंड्रिक्स आणि त्याचे दोन साथीदार. आजीनं बघितलं आणि देवाला हात जोडतो तसे जोडले, मग जवळून बघून "हा कोण मेला" म्हणाली.

जुना_कॅसेटवाला

😂 आजीनं अचूक समीक्षा केली. ते चित्र खरंच बाजारात मिळणाऱ्या छापील देवाच्या चित्रावरूनच केलंय, १९६७ ला. हेंड्रिक्सला विचारलंच नव्हतं आणि त्याला ते पटलंही नाही. त्याच्या घराण्यात चेरोकी रक्त असल्याचं तो सांगायचा, म्हणजे इंडियन घ्यायचंच होतं तर अमेरिकेतले इंडियन घ्यायचे होते असं त्याचं म्हणणं. लंडनमधल्या लोकांनी एका शब्दाचे दोन अर्थ घोळले. कव्हर कलाकाराची ओळख बनवतं म्हणतात ना, हे कव्हर मात्र त्याच्यावर न विचारता चिकटवलेलं.

बेस_वाढव

मेटलवाल्यांचं कुणीच बोलेना. तिरप्या चेनच्या जॅकेटवर खिळे, मनगटाला पट्टे, हे रमोन्स नाहीत, हे जुडास प्रीस्ट. रॉब हाल्फर्ड. १९७८ च्या आधीचे त्यांचे फोटो बघा, मखमल आणि ढगळ झगे. मग एकदम लेदर, साखळ्या, स्टेजवर मोटरसायकल चालवत एंट्री. त्याच वर्षीचा अल्बम अमेरिकेत हेल बेंट फॉर लेदर या नावानं निघाला, कारण किलिंग मशीन हे मूळ नाव तिकडच्या कंपनीला नको होतं.

आणि ते कपडे हाल्फर्डनं घेतले लंडनच्या अशा दुकानातून जिथं समलिंगी लोक लेदर घ्यायला जायचे. जगभरातल्या दाढीवाल्या मर्दानी मेटल पोरांनी वीस वर्षं तेच घातलं आणि १९९८ मध्ये हाल्फर्डनं जाहीर सांगितलं की मी गे आहे. म्हणजे त्यानं सगळ्यांच्या नाकावर टिच्चून स्वतःची ओळख स्टेजवर आणली होती. ग्रेट माणूस.

मधुरा_नेपथ्य

हे फार ऐकलंय मी, पण त्यानं स्वतः हे नाकारलंय ना? म्हणजे कपडे तिथले होते हे खरं, पण त्यामागं छुपा संदेश वगैरे नव्हता, गाण्यांच्या आवाजाला शोभेल असं काहीतरी पाहिजे होतं म्हणून घेतले, असं त्याचं म्हणणं आहे.

बेस_वाढव

नाकारलंय, मान्य. पण माणूस स्वतःबद्दल जे सांगतो तेवढंच खरं असतं का? त्याला दुसऱ्या कुठल्या दुकानात जाता आलं असतं की.

मधुरा_नेपथ्य

वेशभूषाकार म्हणून सांगते, आपण दुकानात जातो ते हवी ती वस्तू तिथं मिळते म्हणून. १९७८ मध्ये खिळे मारलेलं चामडं अजून कुठं मिळणार होतं? मी राजाचा मुकुट लग्नाच्या सामानाच्या दुकानातून आणते, म्हणून माझा राजा नवरदेव होत नाही.

बेस_वाढव

हा दाखला चांगला आहे पण मला पटला नाही 🙂

पट्टीचा_शिलाईवाला

खिळ्यांचं एक. आमच्याकडे पोरं येतात, जॅकेटवर खिळे मारून द्या म्हणतात. दोन प्रकार असतात. एकाला मागं दोन पाय असतात, ते लेदरमधून घालून आत दुमडायचे. दुसरा स्क्रूचा. दुमडवाला स्वस्त पण त्याचे पाय अस्तर फाडतात आणि शर्टात अडकतात, म्हणून अस्तर आधी उसवून खिळे मारून मग परत शिवावं लागतं. कुणी सांगत नाही हे. शिवाय शंभरभर खिळे झाले की जॅकेट खांद्यावरून ओढलं जातं, कॉलर मागं जाते. आणि रेक्झिनवर मारूच नका, भोकापासून फाटत जातं.

अर्धा_स्वर

धन्यवाद मंडळी, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. भाच्याला अख्खा धागा वाचून दाखवला. त्याला जॉनीचा मुद्दा लागला, की समोरच्या पोराला घरी असलेल्या कपड्यांत तसं दिसता आलं पाहिजे. तर म्हणाला, मामा, मग नागपुरात घरी असलेलं म्हणजे काय, बनियन आणि बर्मुडा? आता बँडात त्यावरून वाद चाललाय. बेसवाला जॅकेट सोडायला तयार नाही, त्यानं ईएमआयवर घेतलंय म्हणे.

पट्टीचा_शिलाईवाला

त्याला विचारा खालून कापड दिसतंय का.

अर्धा_स्वर

विचारलं. फोटो पाठवलाय त्यानं कॉलरचा. दिसतंय.